चेहरा एकाचा, नाव दुसऱ्याचे

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१६ साली छायाचित्रांचा एक प्रचंड संच जगासाठी खुला केला. त्याचे नाव एमएस-सेलेब-१एम. सुमारे एक लाख व्यक्तींची जवळपास एक कोटी छायाचित्रे त्यात होती. चेहरा ओळखणारी यंत्रणा तयार करणाऱ्यांना यापूर्वी एवढे मोठे साहित्य मोफत मिळालेले नव्हते, त्यामुळे विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी ते भराभर उतरवून घेतले. आज अशा यंत्रणा कोणाला ओळखतात आणि कोणाला चुकतात, याचा उगम बऱ्याच अंशी हे आणि यासारखे संच ज्या पद्धतीने तयार झाले तिच्यात आहे.

पद्धत अशी होती. फ्रीबेस नावाच्या एका खुल्या माहितीकोशातून प्रसिद्ध माणसांची यादी काढायची. इंटरनेटवर ज्यांचा उल्लेख जास्त, ती नावे वर ठेवायची. मग एकेक नाव शोधयंत्रात टाकायचे आणि जी छायाचित्रे समोर येतील ती त्या नावाखाली जमा करायची. प्रत्येक नावामागे सरासरी शंभर छायाचित्रे. फोटोखाली लिहिलेल्या या नावालाच या क्षेत्रात लेबल म्हणतात. लेबल बरोबर आहे का, हे माणसाकरवी तपासलेले नव्हते. संशोधकांनी आपल्या निबंधात तसे उघड लिहिले आहे: एवढ्या आकाराचा संच हाताने तपासणे शक्य नाही, आणि आजच्या शिकणाऱ्या यंत्रणा काही प्रमाणात चुका पचवतात.

पचवतात हे खरे. पण चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. हॉलिवूडच्या आघाडीच्या नटाचे नाव टाकले तर त्याचेच शेकडो स्पष्ट, समोरून काढलेले फोटो येतात. आता समजा यादीतले नाव ‘संजय पाटील’ आहे. त्या नावाचा एक माणूस थोडाफार प्रसिद्ध असेल, पण शोधयंत्र त्याच नावाच्या आमदाराचा, प्राध्यापकाचा, दुकानदाराचा, सगळ्यांचेच फोटो आणून देते. त्याचे खरे फोटो पाच-पंधरा असतील तर उरलेली जागा इतरांनी भरते. कार्यक्रमाच्या फोटोत शेजारी उभी असलेली व्यक्ती येते, चित्रपटाच्या बातमीतून सहकलाकार येतो. ज्यांच्याविषयी इंग्रजी संकेतस्थळांवर कमी लिहिले गेले आहे त्यांच्या पुड्यात भेसळ जास्त होण्याची ही साधी कारणे आहेत. उलटही घडू शकते. एकाच माणसाचे नाव रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते, म्हणून तो दोन वेगळी माणसे म्हणून संचात शिरतो.

भेसळ किती होती, याचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येतो. त्या संशोधकांना आढळले की एमएस-सेलेब-१एममधला काळजीपूर्वक निवडलेला जेमतेम पाचवा हिस्सा वापरून शिकवलेली यंत्रणा, अख्खा संच वापरून शिकवलेल्या यंत्रणेच्या जवळपास बरोबरीची ठरते. चुकांचे दोन प्रकारही त्यांनी वेगळे करून पाहिले. पुड्यात भलत्याच, संचाबाहेरच्या माणसाचा फोटो असणे हा एक प्रकार. संचातल्याच एका व्यक्तीचा फोटो संचातल्याच दुसऱ्या व्यक्तीच्या नावाखाली जाणे हा दुसरा, आणि तो अधिक घातक निघाला.

तो घातक का, हे समजण्यासाठी यंत्रणा शिकते कशी ते पाहावे लागेल. लहान मुलाला लग्नाचा अल्बम दाखवत ‘ही मावशी, हा काका’ असे शिकवावे, तसे हे शिकवणे असते. यंत्रणा प्रत्येक फोटोचे रूपांतर काही शेकडो आकड्यांच्या एका ओळीत करते. एका नावाच्या फोटोंच्या ओळी एकमेकींच्या जवळ याव्यात आणि वेगळ्या नावांच्या लांब जाव्यात, यासाठी लक्षावधी वेळा ती स्वतःत बारीक दुरुस्त्या करत जाते. आता दोन वेगळ्या स्त्रियांचे फोटो एकाच नावाखाली असतील, तर त्यांच्या नाकात, भुवयांत, जबड्यात जो फरक आहे तो दुर्लक्ष करण्याजोगा आहे, असेच आपण तिला शिकवत असतो. ज्या समाजाच्या फोटोंत अशी भेसळ जास्त, त्या समाजाचे चेहरे तिला एकमेकांसारखे वाटू लागतात. परिणामी एकाच्या जागी दुसऱ्याला ओळखण्याची चूक वाढते. एकच माणूस दोन नावांखाली असेल तर उलटे होते. प्रकाश, दाढी, चष्मा अशा वरवरच्या गोष्टींना ती ओळखीची खूण मानू लागते.

यावर उपाय म्हणून संच ‘स्वच्छ’ करण्याची पद्धत रूढ झाली, आणि तिने दुखणे एका वेगळ्या ठिकाणी नेले. एक कोटी फोटो माणसे तपासू शकत नाहीत, म्हणून आधीच तयार असलेली यंत्रणा कामाला लावतात. प्रत्येक नावाच्या फोटोंचा मध्य काढायचा आणि त्यापासून फार लांब पडणारे फोटो चुकीचे समजून फेकायचे. पण ही जुनी यंत्रणा ज्या चेहऱ्यांवर कच्ची आहे, तिथे तिचा निवाडाही कच्चाच असणार. कमी उजेडातला, कडेने काढलेला खरा फोटो ती फेकून देते. दोन बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन परक्या व्यक्ती मात्र तिला एकच वाटतात आणि पुड्यात राहतात. गोऱ्या युरोपीय चेहऱ्यांचा संच खरोखर स्वच्छ होतो, इतरांचा तितका होत नाही.

माणसे बसवली तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. ज्या वंशाच्या चेहऱ्यांत आपण वाढलो नाही त्यांच्यातले बारकावे आपल्यालाही चटकन दिसत नाहीत, हे मानसशास्त्राने पूर्वीच दाखवून दिले आहे. म्हणूनच आर्कफेस ही गाजलेली पद्धत मांडणाऱ्या संशोधकांनी एमएस-सेलेब-१एमची सुधारित आवृत्ती तयार करताना त्या त्या वंशाच्या चेहऱ्यांसाठी त्याच वंशाचे तपासनीस नेमले. सबंध क्षेत्रातली ही मला सर्वांत शहाणपणाची दुरुस्ती वाटते. ती खर्चिक आहे, म्हणून सगळे करत नाहीत.

चुकीच्या नावांच्या जोडीला संख्येचा असमतोलही आहेच. चीनमधल्या दोन संशोधकांनी २०१९ साली मोजणी केली, तेव्हा एमएस-सेलेब-१एममध्ये सुमारे ७६ टक्के चेहरे गौरवर्णीय म्हणून वर्गीकृत झाले. भारतीय चेहरे होते २.६ टक्के. हे वर्गीकरणही लेबलच असते, हे इथे विसरता येत नाही. भारतीय आणि पूर्व आशियाई चेहरे त्यांनी फ्रीबेसमधल्या राष्ट्रीयत्वावरून वेगळे काढले. गौरवर्णीय आणि आफ्रिकी ठरवण्यासाठी एका कंपनीचे चेहरा तपासणारे सॉफ्टवेअर वापरले. ‘भारतीय’ या एका खान्यात कोकणातला, नागालँडमधला आणि काश्मीरमधला चेहरा एकत्रच पडतो. त्यांनी पुढे चारही गटांचा समतोल साधणारा वेगळा संच बनवला. त्यावर शिकवल्यावर दरी कमी झाली, पण पुरती मिटली नाही.

एवढे सगळे असून यंत्रणा नापास कशा झाल्या नाहीत? कारण परीक्षेची प्रश्नपत्रिकाही त्याच पद्धतीने काढलेली होती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने २००७ साली प्रसिद्ध केलेला लेबल्ड फेसेस इन द वाइल्ड हा संच कित्येक वर्षे या क्षेत्राची प्रमुख कसोटी होता. तो याहूच्या बातम्यांतल्या फोटोंवरून आणि त्यांच्या ओळींवरून तयार केला होता. ५,७४९ व्यक्तींचे १३,२३३ फोटो. त्यांपैकी ५३० एकट्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे. पुढे केलेल्या मोजणीत सुमारे ७७ टक्के पुरुष आणि ८३ टक्के गोरे निघाले. शिवाय फोटोतला चेहरा आधी एका स्वयंचलित शोधकाला सापडला तरच तो संचात येत असे. ज्यांचे चेहरे शोधकाला दिसलेच नाहीत, त्यांची अनुपस्थितीही कुठे नोंदली गेली नाही.

त्यापेक्षा महत्त्वाची त्रुटी जोड्यांमध्ये होती. ‘हे दोघे वेगळे आहेत का’ हे विचारण्यासाठी त्या कसोटीत ३,००० जोड्या होत्या आणि त्या यदृच्छेने निवडलेल्या होत्या. अशा जोडीत अनेकदा एक पुरुष आणि एक स्त्री, किंवा एक तरुण आणि एक म्हातारा येतो. त्यांना वेगळे ओळखणे सोपेच. खरी परीक्षा समान वयाच्या, समान लिंगाच्या, एकाच प्रदेशातल्या दोन परक्या व्यक्तींना वेगळे ओळखण्यात असते. ती घेतलीच नाही, आणि निकाल ९९ टक्क्यांच्या वर जाऊ लागले.

ती परीक्षा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केली. १८९ यंत्रणा, सुमारे ८५ लाख व्यक्तींचे १ कोटी ८० लाखांहून अधिक फोटो. एका माणसाला दुसराच समजण्याची चूक पूर्व युरोपीय चेहऱ्यांत सर्वांत कमी, तर पश्चिम व पूर्व आफ्रिकी आणि पूर्व आशियाई चेहऱ्यांत अनेक यंत्रणांच्या बाबतीत त्याच्या १० ते १०० पट होती. चीनमध्ये बनलेल्या अनेक यंत्रणा मात्र पूर्व आशियाई चेहऱ्यांवर अशा चुकत नव्हत्या. निस्टने कारण सिद्ध केल्याचा दावा केला नाही, पण शिकवण्याच्या साहित्याकडे बोट दाखवणारी एवढी स्पष्ट खूण दुसरी मिळणे कठीण. सर्वोत्तम यंत्रणांमध्ये हा फरक बराच कमी होता, हेही त्याच अहवालात आहे.

फरक प्रत्यक्षात कसा बाधतो ते डेट्रॉइटमध्ये दिसले. दुकानातल्या कॅमेऱ्यातल्या अंधूक चित्रावरून यंत्रणेने एका कृष्णवर्णीय गृहस्थाचा जुना परवान्यावरचा फोटो सुचवला, आणि जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी त्यांना घरासमोर, बायको आणि लहान मुलींच्या देखत अटक केली. सुमारे ३० तास ते कोठडीत होते. चोर दुसराच होता. यंत्रणा ‘हाच तो’ असे कधी म्हणत नाही. ती फक्त साम्याचा एक गुण देते आणि कुठल्या गुणापुढे जुळणी मानायची, ही रेषा माणसे आखतात.

मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपला संच मागे घेतला. त्याआधी झालेल्या चौकशीत असे उघड झाले होते की ‘प्रसिद्ध’ म्हणून त्यात पत्रकार, लेखक, अगदी अशा पाळतीला विरोध करणारे अभ्यासकही त्यांना न विचारता घातले गेले होते. पण प्रती केव्हाच पसरल्या होत्या, आणि फोटो पुसला तरी त्यावरून शिकलेली यंत्रणा ते शिकणे विसरत नाही.

आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी माहितीच्या अधिकारातल्या एका अर्जाला २०२२ साली दिलेल्या उत्तरात सांगितले की ८० टक्क्यांवरचे साम्य ते जुळणी मानतात. हे ८० टक्के म्हणजे तो माणूस तोच असण्याची शक्यता नव्हे. तो यंत्रणेने दिलेला गुण आहे, आणि एकच गुण निरनिराळ्या गटांसाठी निरनिराळ्या जोखमीचा असू शकतो. त्याचा अर्थ लावायला एक गोष्ट माहीत असावी लागते: एकाच वयाच्या, एकाच लिंगाच्या, एकाच भागातल्या दोन परक्या भारतीय माणसांना ही यंत्रणा किती वेळा ८० च्या वर गुण देते. वंशांची सरमिसळ करून काढलेली सरासरी इथे उपयोगाची नाही. हा आकडा यंत्रणा विकत घेण्याआधी, स्थानिक फोटोंवर, गटवार मोजता येतो. कंपनीकडून तो लेखी मागता येतो आणि न्यायालयात आरोपीच्या वकिलालाही मागता येतो.