वयस्कर व्यक्तीचे पोट फुगले, उलट्या होताहेत आणि गॅस सरत नाही: आतड्याला पीळ पडला असेल का?

घरातल्या आजोबांचे पोट दुपारपासून फुगत चालले आहे. दोन दिवस शौचाला झालेली नाही, सकाळपासून गॅसही सरलेला नाही आणि आता उलटी झाली. अशा वेळी बहुतेक घरांत आधी ओवा-हिंग दिले जाते, मग एरंडेल किंवा जुलाबाची गोळी. मात्र पोट फुगणे, उलट्या आणि गॅस पूर्ण बंद या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर ही साधी बद्धकोष्ठता नसून आतड्यात अडथळा आलेला असू शकतो. बद्धकोष्ठतेत शौचाला होत नाही, पण गॅस सहसा सरत राहतो. तोही थांबला, की त्याच दिवशी, शक्यतो लगेच, रुग्णालय गाठावे.

वयस्कर व्यक्तींमध्ये या अडथळ्याची कारणे अनेक असतात: जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटणे, जांघेतल्या हर्नियात आतडे अडकणे, मोठ्या आतड्यातली गाठ. येथे आपण आणखी एक कारण पाहू, ते म्हणजे मोठ्या आतड्याला पडणारा पीळ.

पीळ कसा पडतो?

गुदाशयाच्या अलीकडे, पोटाच्या डाव्या बाजूला, मोठ्या आतड्याचा इंग्रजी 'एस'सारखा वळलेला भाग असतो. त्याला सिग्मॉइड म्हणतात. वर्षानुवर्षे बद्धकोष्ठता असेल, तर हा भाग लांब आणि सैल होतो. अंथरुणाला खिळलेल्या, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांत हा धोका जास्त असतो. असे लांबलेले आतडे स्वतःभोवती फिरले, की त्याची दोन्ही तोंडे बंद होतात. आत गॅस कोंडून ते फुग्यासारखे ताणले जाते. पीळ घट्ट बसला तर रक्तपुरवठाही थांबतो आणि आतडे काळे पडून फुटू शकते.

लक्षणे फसवी का वाटतात?

अडथळा मोठ्या आतड्यात असेल, तर उलट्या बऱ्याचदा उशिरा सुरू होतात. त्यामुळे 'उलटी नाही, म्हणजे काही गंभीर नाही' असे वाटते आणि वेळ जातो. शिवाय पिळाच्या खालच्या भागात मल उरलेला असतो. एनिमा दिल्यावर तो थोडा बाहेर येतो आणि घरच्यांना हायसे वाटते, पण पोट तसेच ताठ राहते. म्हणून शौचाला झाली का, एवढेच न पाहता पोट उतरले का, हेही पाहा.

एक उदाहरण

७६ वर्षांचे गृहस्थ. अनेक वर्षे रेचक घेण्याची सवय. पोट ढोलासारखे झाले, तेव्हा घरी आधी जुलाबाची गोळी दिली. पुढे रस्ता बंद असल्याने कळा वाढल्या आणि हिरवट उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात आल्यावर तोंडाने काहीही देणे थांबवले, शिरेतून सलाईन दिले आणि नाकातून जठरात नळी घातली. एक्स-रेमध्ये कॉफीच्या बीसारखे दिसणारे, प्रचंड फुगलेले आतडे आढळले. सीटी स्कॅनमध्ये पीळ स्पष्ट झाला आणि आतडे अजून जिवंत असल्याचे दिसले. म्हणून गुदद्वारातून दुर्बीण नेऊन पीळ सोडवला. गॅस आणि पातळ मल जोरात बाहेर आला, पोट बसले. पुन्हा पीळ पडू नये म्हणून एक नळी थोडे दिवस आत ठेवली.

पोट बसल्यावर घरचे म्हणाले, "आता घरी नेतो." परंतु आतडे लांबलेलेच असते, त्यामुळे अनेकांना पुन्हा पीळ पडतो. म्हणून प्रकृती झेपणारी असेल, तर त्याच भरतीत काही दिवसांनी तो भाग काढण्याचे ऑपरेशन सुचवले जाते. फार अशक्त रुग्णाबाबत धोका आणि फायदा तोलून, कुटुंबाशी बोलून निर्णय होतो.

दुर्बिणीची वाट न पाहता ऑपरेशन केव्हा?

कळा येऊन-जाऊन न राहता वेदना सतत होऊ लागली, पोट हात लावू देईना, ताप आला, शौचातून रक्त गेले, नाडी वेगाने चालू लागली किंवा रुग्ण गोंधळून बोलू लागला, तर आतडे मरत असल्याची शंका घ्यावी लागते. अतिवृद्धांत किंवा मधुमेहींत वेदना कमी जाणवू शकते. 'फारसे दुखत नाही' यावर विसंबू नका.

निघण्यापूर्वी

खायला-प्यायला काही देऊ नका. जुलाबाचे औषध आणि एनिमा घरी देऊ नका. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे का, जांघेत नवी किंवा दुखरी गाठ आहे का, ते पाहून डॉक्टरांना सांगा. चालू औषधे सोबत घ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून दाखवा. आणि शेवटचा गॅस कधी सरला, ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर हा प्रश्न नक्की विचारतील.