उत्तर एकच, मग दोन मोबाईलवर वेगळं का दिसतं?



आता बरेच गट मशीनचे दर विचारायला दुकानात जाण्याआधी विक्रेत्याच्या वेबसाईटवर जातात. तिथे कोपऱ्यात गप्पांची छोटी चौकट असते. आपण प्रश्न लिहितो आणि पलीकडचा कर्मचारी मराठीतच उत्तर लिहून पाठवतो. अडचण पुढे येते. गटाचं एकच लॉगिन असतं, अध्यक्षताई आणि सचिवताई आपापल्या मोबाईलवर तेच उत्तर उघडतात, आणि दोघींना ते वेगवेगळं दिसतं. मग बैठकीत वाद होतो, की विक्रेत्याने नक्की काय लिहिलं होतं.

बहुतेक वेळा विक्रेत्याने काही बदललेलं नसतं. बदल आपल्या मोबाईलमधल्या ब्राउझरने केलेला असतो. ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स अशी ज्यातून आपण वेबसाईट उघडतो ती ॲप. त्यात दोन सोयी असतात. एक वाचन मोड आणि दुसरी आपोआप भाषांतर. बातमी किंवा लेख वाचायला दोन्ही चांगल्या आहेत. पण दरांचं उत्तर वाचताना त्या चालू असतील तर गटाचा हिशेब चुकू शकतो. कसा ते एका उदाहरणावरून बघू. त्यातले आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

कोष्टक मोडलं की काय होतं

समजा, मसाला करणाऱ्या एका गटाने पल्व्हरायझरचे दर विचारले. कर्मचाऱ्याने उत्तरात छान रकाने पाडून कोष्टक पाठवलं. रकाने पाच: मशीन, मोटर, करासह किंमत, वाहतूक आणि आगाऊ रक्कम.

लहान मशीन, २ एचपी, किंमत १८,५०० रुपये. वाहतुकीचा रकाना रिकामा, कारण लहान मशीनला वाहतूक खर्च नाही. आगाऊ ५,००० रुपये.

मोठं मशीन, ३ एचपी, किंमत २४,००० रुपये. वाहतूक १,२०० रुपये. आगाऊ ७,००० रुपये.

आगाऊ रक्कम किमतीतलीच आहे, वेगळी नाही. म्हणजे लहान मशीन १८,५०० ला पडतं आणि मोठं २५,२०० ला. फरक ६,७०० रुपयांचा.

आता हेच उत्तर सचिवताईंनी वाचन मोडमध्ये उघडलं. वाचन मोड पानावरचे रंग, चित्रं, जाहिराती, बटणं काढून टाकतो आणि फक्त मजकूर मोठ्या अक्षरात दाखवतो. पानावर खरंखुरं कोष्टक असेल तर तो ते बहुधा तसंच ठेवतो. पण गप्पांच्या चौकटीतली कोष्टकं पुष्कळदा खरी नसतात. छोटे छोटे डबे शेजारी शेजारी मांडून ती कोष्टकासारखी दाखवलेली असतात. वाचन मोड ती मांडणी काढतो, आणि शेजारचे डबे एकाखाली एक येतात. रिकाम्या डब्यात मजकूर नसतो, म्हणून तो दिसतच नाही. सचिवताईंना असं दिसतं:

लहान मशीन
२ एचपी
१८,५००
५,०००
मोठं मशीन
३ एचपी
२४,०००
१,२००
७,०००

किमतीनंतर वाहतूक येते हे त्यांनी वरच्या मथळ्यांवरून लक्षात ठेवलेलं. म्हणून लहान मशीनचे ५,००० त्यांनी वाहतूक म्हणून धरले. त्यांच्या वहीत लहान मशीन २३,५०० ला गेलं आणि मोठं २५,२०० लाच राहिलं. फरक उरला १,७०० चा. असा हिशेब समोर आला की कोणीही म्हणेल, एवढ्याशा फरकात मोठंच घेऊ. गटाने तसा ठराव केला, तर गरज नसताना ६,७०० रुपये जास्त जातील. ते कर्जातून घेतले आणि व्याज महिना एक टक्का असेल, तर सुरुवातीला दर महिन्याला ६७ रुपये त्याच्या व्याजाचेच.

इथे कोणाचा आकडा चुकीचा नव्हता. आकडे सगळे बरोबर होते, फक्त त्यांच्या जागा हलल्या. म्हणून ओळखायची खूण लक्षात ठेवा: प्रत्येक मशीनखालचे आकडे मोजा. लहान मशीनखाली दोन रकमा आणि मोठ्याखाली तीन असतील, तर मध्ये एक रकाना गळालाय.

उत्तरच गायब का होतं

कधी कधी वाचन मोडमध्ये उत्तर सापडतच नाही, नुसती कंपनीची माहिती दिसते. वाचन मोडला मराठी कळत नाही. पानावरचा मुख्य लेख कुठला असेल, याचा तो अंदाज बांधतो. फायरफॉक्समध्ये हा अंदाज कसा बांधतात ते उघडपणे पाहता येतं. लांब परिच्छेद आणि स्वल्पविराम जास्त असतील त्या भागाला जास्त गुण मिळतात. २५ अक्षरांपेक्षा छोटा परिच्छेद गुणांत धरलाच जात नाही. पानाच्या आत प्रत्येक भागाला एक नाव दिलेलं असतं. ते sidebar, popup, replies असं असलं, तर तो भाग बिनकामाचा समजून सहसा बाजूला टाकला जातो.

आता गप्पांची चौकट आठवा. ती कोपऱ्यात उघडते आणि तिच्यात छोटी छोटी वाक्यं असतात. ‘हो ताई, मिळेल’ हे आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं उत्तर, पण वाचन मोडच्या दृष्टीने ते कामाचंच नाही. शिवाय वाचन मोड पान उघडलं त्या वेळचा मजकूर दाखवतो. नंतर आलेलं उत्तर त्यात आपोआप येईलच असं नाही. तेव्हा ‘त्यांनी उत्तरच दिलं नाही’ असं म्हणण्याआधी वाचन मोड बंद करून बघा.

मराठीचं पुन्हा भाषांतर

दुसरी सोय आपोआप भाषांतराची. मोबाईलची भाषा इंग्रजी किंवा हिंदी ठेवलेली असली, की ब्राउझर मराठी पान बघून विचारतो, भाषांतर करू का? कोणी तरी ‘Always translate’ दाबलेलं असलं, तर पुढे तो विचारतही नाही.

मराठी आणि हिंदीची लिपी एकच. मजकूर थोडा असला तर ब्राउझर मराठीला हिंदी समजू शकतो. मग शब्द ओळखीचे राहतात आणि अर्थ घसरतो. आपल्याकडे ‘खाली’ म्हणजे वरच्या उलट, हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. ‘खाली दिलेल्या खात्यात पैसे भरा’ या वाक्यातलं खातं मग रिकामं होऊन बसू शकतं. ‘पाव किलो’ मधला पाव बेकरीतला पाव होऊ शकतो.

अर्थ विचित्र झाला तर निदान आपल्याला शंका येते. जास्त धोका नावांचा आहे, कारण तिथे शंका येत नाही. खातेदाराचं नाव ‘प्रकाश’ असेल तर इंग्रजीत ते Light होऊ शकतं. गटाचं नाव ‘प्रगती’ असेल तर Progress. बिलावर किंवा पैसे भरण्याच्या अर्जावर तसंच उतरवलं, तर बँकेतल्या नावाशी ते जुळणार नाही.

अजून एक गोष्ट. भाषांतर करताना ब्राउझर पानावरचा मूळ मजकूर उचलून त्या जागी स्वतःचा मजकूर बसवतो. वेबसाईटला मात्र याची खबर नसते. कर्मचाऱ्याने नंतर आकडा दुरुस्त केला, तर काही वेबसाईटवर नवा आकडा त्या उचललेल्या मजकुरात जातो आणि आपल्यासमोर जुनाच राहतो. चौकट मध्येच अडकते, तीही कधी कधी याच कारणाने.

कसं ओळखायचं

दोन सोप्या खुणा आहेत.

पहिली, आपण स्वतः पाठवलेला प्रश्न वाचा. आपण लिहिलेलं आपल्याला माहीत असतं. त्यातले शब्द बदललेले दिसले, तर भाषांतर चालू आहे. पलीकडच्या माणसाला मात्र आपण लिहिलं तेच गेलेलं असतं, कारण हा बदल फक्त आपल्या पडद्यावर झालेला असतो.

दुसरी, लिहायची चौकट शोधा. उत्तर दिसतंय पण पुढे लिहायला जागाच नाही, तर तुम्ही वाचन मोडमध्ये आहात. मागे गेलं की मूळ पान येतं.

क्रोममध्ये भाषांतर चालू असलं की एका पट्टीवर दोन भाषांची नावं दिसतात. पहिल्या भाषेवर बोट ठेवलं की मूळ मजकूर परत येतो. त्याच पट्टीवरच्या तीन ठिपक्यांत ‘Never translate this site’ आहे. ते निवडलं की त्या वेबसाईटचं भाषांतर पुढे होणार नाही.

मूळ मजकूर आल्यावरही जुना आकडा राहिलाय अशी शंका असेल, तर पान पुन्हा उघडा. पण त्याआधी स्क्रीनशॉट घ्या. काही वेबसाईटवर पान पुन्हा उघडलं की आधीच्या गप्पा पुसल्या जातात.

ठरावाआधी

उत्तर कॉपी करून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकताना आधी या दोन खुणा बघा. भाषांतर चालू असताना कॉपी केलं, तर बदललेला मजकूरच पुढे जातो. तो वाचणाऱ्या ताईंना हे मूळ नाही, हे कळायला काहीच मार्ग नसतो. मोडलेल्या कोष्टकाचंही तसंच.

म्हणून खरेदीचा ठराव गप्पांच्या चौकटीवरून करू नका. त्याच कर्मचाऱ्याला लिहा: ‘सही-शिक्क्याचं दरपत्रक पीडीएफमध्ये पाठवा. वाहतूक नसेल तर तिथे शून्य लिहा.’ पीडीएफ त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडा, म्हणजे मांडणी जागची हलत नाही. आणि रिकाम्या जागी शून्य असलं, की तो रकाना कोणाच्याही मोबाईलवर गळून पडत नाही. खातेदाराचं नाव आणि खाते क्रमांक त्या दरपत्रकावरूनच उतरवा. मग फोन करून दोन्ही एकदा वाचून दाखवा आणि त्यानंतरच आगाऊ रक्कम भरा.