पडद्याला लागलेला हात

हातांच्या स्वच्छतेवर आम्ही बनवलेली पहिली चित्रफीत नऊ मिनिटांची होती, दिसायला देखणी होती आणि चुकीची होती. संहिता माझी, त्यामुळे चूकही माझीच. कुठल्या हॉस्पिटलसाठी ती बनवली होती ते सांगत नाही, कारण त्यांचा त्यात काही दोष नाही.

पहिल्याच सीनमध्ये सिस्टर वॉर्डच्या दारापाशी भिंतीवरच्या डिस्पेन्सरमधून हँडरब घेतात, सहाही पायऱ्या करत हात चोळतात, मग सात नंबरच्या कॉटपाशी येऊन पडदा सरकवतात. पेशंटला हसून "कसं वाटतंय काका?" विचारतात, नाडी बघतात आणि ट्रेमधलं भरून ठेवलेलं इंजेक्शन उचलून सलाईनच्या इंट्राकॅथमधून देतात. आम्ही सगळ्यांनी हे मॉनिटरवर चार वेळा पाहिलं. कॅमेरामन खूश, डॉक्टर खूश. हॉस्पिटलमधलं इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघणाऱ्या सिस्टर मात्र मागे उभ्या राहून बोटं मोजत होत्या. "मॅडम," त्या म्हणाल्या, "यात दोन चुका आहेत. पोरींना हेच दाखवलं तर त्या हेच शिकतील."

पहिली चूक पडद्याची. हात चोळून झाल्यावर सिस्टरांनी ज्याला हात लावला तो पडदा दिवसभरात निदान पंधरा जणांनी ओढलेला असतो आणि तो धुवायला कधी जातो ते वॉर्डमध्ये कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. दारात स्वच्छ झालेले हात कॉटपाशी पोहोचेपर्यंत स्वच्छ राहिलेच नव्हते.

हे समजायला एक वर्तुळ डोळ्यांपुढे आणावं लागतं. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना 2007 मध्ये मांडली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत ती घेतली. पेशंट, त्याची चादर, कॉटचा कठडा, सलाईनची नळी, पंपाची बटणं, शेजारचं लॉकर हे सगळं मिळून त्या पेशंटचं वर्तुळ. या सगळ्यावर थोड्याच वेळात त्याच्याच अंगावरचे जंतू पसरलेले असतात. वर्तुळाच्या बाहेर उरलेलं हॉस्पिटल: दाराची कडी, औषधांची ट्रॉली, फायली, फोन, दुसरे पेशंट. पडदा बाहेरच्यात धरतात. हात कधी चोळायचा याचे पाच क्षण ठरलेत आणि ते बहुतेक या वर्तुळावरूनच निघतात. पेशंटला हात लावण्याआधी, म्हणजे बाहेरून आत येताना. पेशंटला हात लावून निघताना. पेशंटला न शिवता नुसतं त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून निघताना. हे तीन झाले. उरलेले दोन वर्तुळाच्या आतले आहेत आणि आमची दुसरी चूक त्यातलीच.

नाडी बघून झाल्यावर सिस्टरांनी थेट इंट्राकॅथला हात घातला. मी वाद घातला. म्हटलं, हात तर याच काकांच्या मनगटाला लागलाय, जंतूही त्यांचेच, मग बिघडलं कुठे? सिस्टर म्हणाल्या, "काकांचे जंतू काकांच्या कातडीवर ठीक आहेत, रक्तात नाहीत." आपल्या सगळ्यांच्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू असतात आणि तिथे ते सहसा काहीच करत नाहीत. इंट्राकॅथ म्हणजे कातडीला पाडलेलं एक दार, थेट शिरेत उघडणारं. त्याच्या तोंडाशी बोटावरचे तेच जिवाणू पोहोचले की नळीच्या आत त्यांची वस्ती होऊ शकते आणि मग पेशंटला थंडी वाजून ताप भरतो. म्हणून सुई, नळी, जखम, डोळ्यात टाकायचे थेंब अशा कामाच्या अगदी आधी हात पुन्हा चोळायचा. मध्ये दुसऱ्या कशाला, अगदी त्याच पेशंटलाही, हात लावायचा नाही. (इंट्राकॅथचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं ते वेगळं. त्याने हात माफ होत नाही.) आतला दुसरा क्षण रक्त, लघवी, उलटी, थुंकी यांच्याशी संबंध आल्यानंतरचा. ग्लोव्हज घातले असले तरी ते काढल्यावर हात चोळायचाच, कारण त्यांना न दिसणारी भोकं असतात आणि काढताना बाहेरची बाजू हाताला लागते.

आता आमच्या सीनचा हिशोब. नाडी, मग इंजेक्शन, मग काकांनी उलटी केलेला किडनी ट्रे उचलणं, मग उशी सारखी करणं आणि निघणं, असा क्रम मी लिहिला होता. या क्रमाने गेलं तर चार वेळा हात चोळावा लागतो: नाडीआधी, इंजेक्शनआधी, किडनी ट्रेनंतर, निघताना. मनात आलं, एवढं कोण करेल? चाळीस कॉटच्या वॉर्डात रात्री दोन सिस्टर असतात. पण त्यांनी माझ्या कागदाच्या पाठीमागे क्रमच बदलून दिला. आधी ट्रे ठेवायचा, पडदा ओढायचा, मग हात चोळायचा. पहिलं काम इंजेक्शन, नंतर नाडी, उशी, आणि सगळ्यात शेवटी ग्लोव्हज घालून किडनी ट्रे. तो झाकून घाण सामानाच्या खोलीत नेऊन ठेवायचा, ग्लोव्हज काढायचे, हात चोळायचा. झाले दोन. पहिल्यात आत येणं आणि इंजेक्शन दोन्ही भागतं, शेवटच्यात उलटी आणि निघणं दोन्ही. स्वच्छ काम आधी, घाणेरडं शेवटी, हे आपल्याकडे ओटा आवरतानाही पाळतात. वॉर्डात मात्र ते कोणी सांगितलेलं नसतं. अर्थात नाडी बघूनच द्यायचं औषध असेल तर हा क्रम चालणार नाही. तिथे एक जास्तीचा वेळ द्यावाच लागतो.

दुसऱ्या दिवशी क्लोजअप घेतले. हात चोळायच्या या पायऱ्यांची एक गंमत आहे. बर्मिंगहॅमच्या ग्रॅहम एलिफ यांनी 1978 मध्ये त्या बसवल्या त्या निरनिराळी जंतुनाशकं एकाच पद्धतीने तपासता यावीत म्हणून. प्रयोगशाळेतली चाचणी पुढे जगभरच्या वॉर्डातली सवय झाली. तळहातावर तळहात, मग एकाचा तळवा दुसऱ्याच्या पाठीवर बोटं गुंतवून, मग समोरासमोर बोटं गुंतवून, मग आकडा करून बोटांची मागची बाजू, मग अंगठा मुठीत धरून फिरवायचा, शेवटी बोटांची टोकं तळव्यात फिरवायची. आपल्याकडे बऱ्याच नर्सिंग कॉलेजांत हे "सुमन-के" म्हणून पाठ असतं: सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. मराठी करायला गेलं की मनगट आडवं येतं आणि "के" राहत नाही, म्हणून हिंदीच चालतं.

कॅमेरा हाताच्या इतक्या जवळ नेला तेव्हा जे वर्गात दिसत नाही ते दिसलं. आमच्या सिस्टर उजव्या हाताच्या. डावा अंगठा त्यांनी उजव्या मुठीत नीट तीनदा फिरवला. उजव्या अंगठ्याची पाळी आली तेव्हा डावी मूठ नुसती त्याच्यावरून घसरली. त्यांना स्वतःला हे कळलं नव्हतं. मग हँडरबमध्ये चमकणारं द्रव्य मिसळून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हात धरले. हँडरब पोहोचलं तिथे निळसर उजेड, राहिलं तिथे काळोख. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी चंद्रकोरीएवढा काळा डाग होता आणि चार बोटांची टोकं अंधारी. इंट्राकॅथला नेमकं काय लागतं? तीच टोकं आणि तोच अंगठा. अंगठीखाली एक पूर्ण काळं कडं उमटलं. त्या शॉटनंतर अंगठी, घड्याळ आणि बांगड्या काढायला कोणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

प्रमाणाचा प्रश्नही क्लोजअपनेच सोडवला. हँडरब तळहाताच्या खळग्यात तळं साचेल इतकं घ्यायचं, साधारण तीन मिलिलिटर. डिस्पेन्सरच्या एका दाबात बऱ्याचदा त्याच्या निम्मंच येतं. ओळखायची खूण सोपी आहे: वीस ते तीस सेकंद हात ओलेच राहिले पाहिजेत. दहाव्या सेकंदाला कोरडे पडले तर कमी घेतलं. हात पाण्याने ओले असताना हँडरब लावलं तर ते पातळ होतं, आणि चोळून झाल्यावर ॲप्रनला पुसलं तर कामच थांबतं. हात दिसण्यासारखा मळला असेल, किंवा पेशंटला क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलचे जुलाब असतील, तर हँडरब सोडून साबण-पाणीच घ्यायचं, चाळीस ते साठ सेकंद. या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते वाहत्या पाण्याने घालवावे लागतात.

एडिटिंगला बसलो तेव्हा शेवटचं भांडण झालं. पंचवीस सेकंद नुसते हात बघणं कंटाळवाणं होतं, म्हणून एडिटरने मधले तुकडे उडवून ते सहा सेकंदांत आणलं होतं. दिसायला छान चटपटीत. सिस्टर म्हणाल्या, "मग त्या सहा सेकंदच चोळतील." खरंच होतं ते. बघणारा पायऱ्यांबरोबर वेळही शिकतो. पंचवीस सेकंद अखंड ठेवले, कोपऱ्यात घड्याळ चालू ठेवून.

दाखवताना सिस्टरांनी एक युक्ती केली. सलग दाखवण्याऐवजी प्रत्येक वेळी हात कशाला तरी लागला की त्या फीत थांबवायच्या आणि विचारायच्या, "आता?" पडदा ओढला. आता? मोबाइल खिशात टाकला. आता? सुरुवातीला उत्तरं एका सुरात आली, मग वाद सुरू झाले. नुसती सलाईन पंपाची बटणं दाबून पुढच्या कॉटकडे निघालो तर? एका ब्रदरचं म्हणणं पेशंटला शिवलोच नाही तर गरज नाही, दुसऱ्याचं म्हणणं आहे. दुसरा बरोबर होता. पाचवा क्षण तोच आणि बऱ्याचदा सुटतोही तोच.

मागच्या बाकावर सफाईच्या मावशी बसल्या होत्या. त्यांना बोलावलंय कशाला, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी त्यांनी विचारलंच, "सिस्टर, मी तर पेशंटला हातच लावत नाही. मी लॉकर पुसते, कॉटचा दांडा पुसते, की पुढच्या कॉटवर."

"मग आता?" सिस्टरांनी विचारलं.

मावशींनी हातातल्या फडक्याकडे बघितलं. "म्हणजे फडकं पण बदलायचं का?"

"फडकं पण, मावशी. आणि ग्लोव्हज पण."

"मग एका वॉर्डाला मला बादलीभर फडकी लागतील," मावशी म्हणाल्या, "ती देणार कोण?" आणि त्या प्रश्नावर मेट्रन मॅडमनी पहिल्यांदाच वही उघडली.