छळाचा पुरावा आणि वैद्यकीय नोंद

छळामुळे झालेली हानी दाखवून द्यावयाची म्हटली की दवाखान्यातील कागद पुढे केला जातो. परंतु तो कागद नेमके काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन छळाच्या, म्हणजे रॅगिंगच्या, संदर्भात हा प्रश्न तपासावयाचा आहे.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात, विद्यार्थ्यास शारीरिक वा मानसिक हानी पोहोचविणारे, किंवा पोहोचण्याचा संभव असलेले, कृत्य रॅगिंग ठरते. ‘संभव’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वैद्यकीय नोंद नाही म्हणून तक्रार आपोआप निराधार ठरत नाही. नोंदीचे स्थान पूरक पुराव्याचे आहे. मूळ पुराव्याची जागा ती घेऊ शकत नाही.

समकालीन लेखनाचे मोल किती असते, हे मुंबईच्या नायर रुग्णालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांच्या मे २०१९ मधील मृत्यूनंतरच्या तपासात दिसून आले. त्यांच्या भ्रमणध्वनीतून मिळालेली चिठ्ठीची छायाचित्रे तपासात महत्त्वाची ठरली. आरोपांचा निर्णय हा न्यायालयाचा विषय आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, घटना घडत असतानाचा शब्द नंतरच्या आठवणीहून वेगळ्या वजनाचा असतो. वैद्यकीय नोंदीचे बलही मुख्यतः ह्यातच आहे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. खालापूर तालुक्यातील मोहोपाड्याची एक मुलगी १ ऑगस्टला पनवेलच्या वसतिगृहात राहावयास गेली. १४ ऑगस्टला ती घरी आली असता आईने तिला गावातील दवाखान्यात नेले. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिले : ‘झोप नाही, पोटात दुखते, वजन ४६ किलो. वसतिगृहातील मोठ्या मुली रात्री उठवून त्रास देतात असे सांगते.’ २ सप्टेंबरच्या नोंदीत वजन ४३ किलो व हातांस कंप असल्याचे आढळते. तक्रार ५ सप्टेंबरची आहे.

ह्या नोंदींत तीन थर आहेत व ते वेगळे ठेवावयास हवेत. वजन आणि कंप ही डॉक्टरांनी स्वतः पाहिलेली गोष्ट होय. ‘असे सांगते’ हे मुलीचे कथन होय. त्यावरून त्रास झालाच असे सिद्ध होत नाही. परंतु तक्रारीच्या तीन आठवडे आधी ती हेच सांगत होती, एवढे सिद्ध होते आणि ‘हे मागाहून रचले’ हा आक्षेप दुबळा होतो. तिसरा थर मताचा. ‘ही लक्षणे दीर्घ ताणाशी सुसंगत आहेत’ असे डॉक्टर म्हणू शकतात. ‘रॅगिंगमुळेच आजार झाला’ असे लिहिले, तर ‘आपण ते पाहिले काय?’ ह्या एका प्रश्नाने दाखल्याची सर्व प्रतिष्ठा जाते. त्रास कोणी दिला, हे तर नोंद मुळीच सांगत नाही. त्यासाठी शेजारच्या खोलीतील मुलींची साक्ष वा पाठविलेले संदेशच हवेत.

समजा, हीच मुलगी २८ ऑगस्टला समुपदेशकाकडेही गेली होती, आणि तेथील टिपणात वडिलांचे व्यसन व बारावीच्या वर्षी झोप उडाल्याचा उल्लेख आहे. संपूर्ण टिपण समितीपुढे ठेवले, तर ज्यावर निर्णय आधारावयाचा ते आरोपितांनाही दाखविणे न्यायाच्या दृष्टीने प्राप्त होते. मग घरची कथा छळ करणाऱ्यांच्याच हाती पडते. म्हणून संपूर्ण टिपणाऐवजी मर्यादित पत्र मागावे : भेटींच्या तारखा, पाहिलेली लक्षणे, त्रासासंबंधी त्या वेळी केलेले कथन आणि मत. त्या पत्राला मुलीची, नेमका उद्देश नमूद केलेली, लेखी संमती हवी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस गोपनीयतेचा, तर कलम २५ ने आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळविण्याचा हक्क दिला आहे. महाविद्यालयाच्या समुपदेशकानेही तेच तत्त्व पाळावे. प्राचार्यांनी मागितले म्हणून फाइल देऊ नये.

मात्र मर्यादित पत्र म्हणजे लपवाछपवी नव्हे. पूर्वीच्या निद्रानाशाचा मताशी संबंध असेल तर तो एका वाक्यात सांगावा : ‘असा त्रास पूर्वी एकदा झाला होता, ऑगस्टपासून तो पुन्हा सुरू होऊन वाढला.’ उलटतपासणीत तो प्रथमच बाहेर आला, तर खरी नोंदही संशयास्पद वाटू लागते. आधीच हळवे असलेल्या मनास झालेली इजा ही इजाच असते.

अखेरीस तारखा एका कागदावर क्रमाने मांडाव्यात : वसतिगृहातील घटना, दवाखान्यातील भेट, तक्रार. घटनेपूर्वीच लक्षणे दिसत असतील किंवा नोंदी तक्रारीनंतरच सुरू होत असतील, तर त्या निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांवर टाकावयाचा भार मात्र कमी करावयास हवा. नोंद जेवढे सांगते तेवढेच तिच्याकडून वदवावे. तसे केले तरच उलटतपासणीत ती टिकेल, आणि मुलीच्या घरची गोष्टही घरातच राहील.