डग्गा गेला कुठे?

पुतण्याने तबल्यासाठी मायक्रोफोनचा एक छोटा प्रीअॅम्प्लिफायर जुळवला होता. BC547 हा ट्रान्झिस्टर, 9 व्होल्टची बॅटरी आणि मूठभर रेझिस्टर, एवढाच पसारा. आवाज स्वच्छ येत होता, चाट नीट वाजत होती. डग्ग्याचा घुमारा मात्र गायब. डग्ग्यावर कोणी बोटाने टिचकी मारावी तसा आवाज.

"काका, स्पीकर लहान आहे म्हणून असेल," तो म्हणाला. तोच प्रीअॅम्प्लिफायर मोठ्या स्पीकरला जोडून पाहिला, फरक शून्य. मग मी बोर्ड उलटा केला. मायक्रोफोनच्या वाटेत पिवळा, चपटा कपॅसिटर होता, वर 104 छापलेलं. म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड.

हा कपॅसिटर काढून टाकता येत नाही. ट्रान्झिस्टरच्या बेसवर 47 किलोओहम आणि 10 किलोओहमच्या जोडीने सुमारे दीड व्होल्ट टिकवून धरलेले असतात. मायक्रोफोनची 600 ओहमची कॉइल थेट तिथे जोडली, तर ते व्होल्ट कॉइलमधून जमिनीला जातील आणि ट्रान्झिस्टर बंद पडेल. कपॅसिटर स्थिर विजेला अडवतो, हलत्या सिग्नलला जाऊ देतो. पण सगळ्यांना सारखं नाही. सिग्नल जितका संथ, तितका त्याचा अडथळा मोठा. पुढे बसलेल्या रेझिस्टन्सशी त्याची वाटणी होते आणि खर्जाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

हा अडथळा आणि वाटेतला रेझिस्टन्स ज्या फ्रिक्वेन्सीला सारखे होतात, तिला खालची कटऑफ फ्रिक्वेन्सी म्हणतात. तिथे सिग्नल सुमारे 71 टक्के उरतो, निम्मा नाही, कारण कपॅसिटरवरचं आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. सूत्र f = 1/(2πRC). मी कागदावर सोपं करून घेतो: 159 ला किलोओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागायचं, उत्तर हर्ट्झमध्ये येतं.

पुतण्याने हिशेब केला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने R म्हणून 47 किलोओहम धरले आणि उत्तर आलं 34 हर्ट्झ. डग्ग्याचा मूळ स्वर साधारण 100 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे भरपूर मोकळीक. गणित बरोबर, R चुकलेला.

सिग्नलला फक्त 47 किलोओहम दिसत नाहीत. बॅटरीची धन बाजूही त्याच्या दृष्टीने जमीनच, कारण तिथलं व्होल्टेज हलत नाही. म्हणून 47 आणि 10 समांतर: सव्वाआठ किलोओहम. त्यांच्या जोडीला ट्रान्झिस्टरचा बेस. त्यातून 1 मिलिअँपिअर वाहत होता आणि गेन 200 धरला, तर बेसचा रेझिस्टन्स सुमारे 5 किलोओहम. तिन्ही मिळून 3.1 किलोओहम उरतात. मायक्रोफोनचे 600 ओहम याच वाटेत एकापुढे एक येतात, म्हणून एकूण 3.7. आता भागा: 430 हर्ट्झ! 100 हर्ट्झचा सिग्नल एक चतुर्थांशही पोचत नव्हता. डग्गा ओळखू येत होता तो वरच्या स्वरांमुळे, म्हणूनच स्पीकरवर संशय गेला.

खात्री करायला मायक्रोफोनच्या जागी 600 ओहममधून अगदी बारीक साइन सिग्नल दिला आणि आउटपुट ऑसिलोस्कोपवर पाहिला. 5,000 हर्ट्झला उंची मोजली, मग सिग्नलची पातळी न बदलता फ्रिक्वेन्सी उतरवत गेलो. उंची 71 टक्क्यांवर आली तेव्हा आकडा चारशेच्या थोडा वर होता. हे स्वस्त मल्टिमीटरवर करू नये. त्यातले पुष्कळ काही शे हर्ट्झच्या वर एसी नीट मोजत नाहीत, त्यामुळे तुलनेचा पायाच खोटा निघतो.

मग कपॅसिटर किती मोठा घ्यायचा? 10 मायक्रोफॅरड घातला तर हिशेबात 4 हर्ट्झ येतात. पण त्याच बोर्डवर एमिटरचा कपॅसिटरही आहे आणि त्याची स्वतःची मर्यादा असते. सुदैवाने तो 470 मायक्रोफॅरडचा होता, मर्यादा 12 हर्ट्झच्या जवळ. तिथे 100 चा असता, तर इनपुटला कितीही मोठा कपॅसिटर घातला तरी साठ हर्ट्झच्या आसपास घसरण सुरू झालीच असती. शिवाय इतकं खाली जाऊन मिळणार काय? स्टँडला लागलेला पाय आणि पंख्याचा वारा.

आम्ही 2.2 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक बसवला, धन टोक बेसकडे. कटऑफ आली 20 हर्ट्झच्या आसपास. पुतण्याने डग्ग्यावर मनगट सरकवत एक लांब मींड काढली, आणि या वेळी ती खालपर्यंत ऐकू आली.