९४ वर अडलेला इंटरनेटचा वेग

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण केबल लावलेल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट कधीही करा, आकडा ९४ च्या आसपासच. अशा वेळी कंपनीला फोन लावण्याची घाई नको. लाइन खराब असेल तर आकडा सहसा वरखाली होतो. सकाळ-संध्याकाळ तोच आकडा येत असेल, तर राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यातली जोडणीच बहुधा १०० वर झाली आहे. उरलेले पाच-सहा एमबीपीएस डेटाच्या प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्यात आणि तत्सम गोष्टींत खर्ची पडतात.

खात्री करून घ्यायला विंडोजमध्ये Settings उघडून Network & internet मधल्या Ethernet वर जा. तिथे Link speed समोर 100/100 दिसलं, तर शंका खरी.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. गंमत अशी की, वेग किती ठेवायचा हे दोन्ही टोकं त्या पहिल्या दोन जोड्यांवरूनच ठरवतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार तुटली तरी पोर्टचा दिवा लागतो, इंटरनेट चालतं, फक्त जोडणी मुकाट १०० वर उतरते.

समजा, राउटर हॉलमध्ये आहे आणि भिंतीतून गेलेली केबल बेडरूममधल्या लॅपटॉपला लावली आहे. लॅपटॉप हॉलमध्ये नेऊन चांगल्या, छोट्या केबलने थेट राउटरच्या त्याच पोर्टला जोडा. आता 1000/1000 आलं, तर राउटर आणि लॅपटॉप दोघेही सुटले; दोष भिंतीतल्या केबलमध्ये. सॉकेट उघडल्यावर कधी निळी-तपकिरी जोडी नुसती मागे वळवून ठेवलेली सापडते, कधी ती इंटरकॉमला दिलेली असते. दोन्ही टोकांना आठही तारा एकाच क्रमाने बसवल्या की काम झालं.

साध्या लॅन टेस्टरवर मात्र फार विसंबू नये. तारा जोड्या मोडून भलत्याच क्रमाने बसवल्या, पण दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवला, तर आठही दिवे नीट लागतात आणि गिगाबिट तरीही चालत नाही. घ्यायचीच झाली तर शुद्ध तांब्याची कॅट-५ई घ्या. १०० मीटरपर्यंत गिगाबिटला ती पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल टाळावी.

छोट्या केबलनेही 100/100 च आलं, तर Device Manager मध्ये नेटवर्क कार्डच्या Advanced टॅबवर Speed & Duplex पाहा. कुणीतरी तिथे 100 Mbps Full Duplex कायम करून ठेवलेलं असू शकतं. ते Auto Negotiation करा. काही लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्याची सेटिंगही वेग खाली आणते, म्हणून चार्जर लावून एकदा पाहावं.

यातलं काहीच नसेल, तर राउटरच्या माहितीपत्रकात लॅन पोर्ट 10/100 लिहिलेत का ते वाचा. वायफायचा आकडा १२०० असा ठळक छापलेल्या राउटरलाही मागे असे पोर्ट असतात, आणि तिथे केबल बदलून काही होत नाही.