भांडण दिसलं म्हणून स्टॉर्मिंग नव्हे

‘खालीलपैकी कोणता टप्पा ब्रूस टकमन यांनी १९६५ साली सांगितला नव्हता?’ एमबीए, नर्सिंग किंवा समाजकार्याच्या परीक्षेला बसलेल्या अनेकांनी हा प्रश्न या ना त्या रूपात सोडवलेला असतो. उत्तर ‘अ‍ॅडजर्निंग’. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टकमन यांनी तोवर प्रसिद्ध झालेले लहान गटांबद्दलचे ५० लेख तपासले आणि गट कसा घडत जातो याचे चार टप्पे मांडले. माणसं एकत्र येऊन एकमेकांना जोखतात ते फॉर्मिंग, खटके उडतात ते स्टॉर्मिंग, वागण्याची रीत ठरते ते नॉर्मिंग आणि गट झपाट्याने काम उरकतो ते परफॉर्मिंग. गट विसर्जित होण्याचा पाचवा टप्पा त्यांनी मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासोबत १९७७ साली जोडला.

नावं यमकात असल्यामुळे एका संध्याकाळीत पाठ होतात. म्हणूनच वरच्यासारखा प्रश्न फक्त पाठांतर तपासतो. तो बरोबर सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला समोरचा गट बघून काही ओळखता येईल का, हे त्यातून कळत नाही. ते कळावं म्हणून परीक्षक छोटा प्रसंग देतात आणि विचारतात, ‘हा गट कोणत्या टप्प्यावर आहे?’ प्रश्न काढणाऱ्याचा आणि सोडवणाऱ्याचा, दोघांचाही कस लागतो तो इथे.

एक प्रसंग घेऊ. शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त स्मरणिका काढायची आहे आणि त्यासाठी सात जणांची समिती नेमली आहे. तिसऱ्या बैठकीत जाहिरातींना किती पानं द्यायची यावरून वाद होतो. खजिनदार म्हणतात, ‘हे ठरवायचा अधिकार संपादकांना दिला कुणी?’ बैठक संपल्यावर दोघं-तिघं चहाच्या टपरीवर वेगळे बोलत उभे राहतात. पुढच्या बैठकीला दोन सदस्य येत नाहीत.

उत्तर स्टॉर्मिंग, आणि ते जवळपास सगळ्यांना येतं. पण ‘वाद’ हा शब्द दिसला म्हणून ते उत्तर बरोबर ठरत नाही. ते बरोबर ठरतं खजिनदारांच्या वाक्यामुळे. पानांचा विषय बाजूला पडला आहे आणि अधिकार कुणाचा हा प्रश्न वर आला आहे. टपरीवरची वेगळी कुजबुज आणि रिकाम्या खुर्च्या या दोन खुणा त्याला दुजोरा देतात. टकमन यांनी प्रत्येक टप्प्यात दोन गोष्टी वेगळ्या पाहिल्या होत्या: माणसांचे आपसातले संबंध कसे आहेत आणि हातातल्या कामाशी गट कसा वागतो आहे. स्टॉर्मिंगमध्ये संबंधांत संघर्ष असतो आणि कामाच्या मागण्यांना लोक भावनेच्या भरात विरोध करतात. आपल्या प्रसंगात दोन्ही दिसतं.

आता हाच प्रसंग थोडा बदलू. वाद तोच, पानांचाच आणि आवाजही तितकाच चढलेला. पण संपादक आठवण करून देतात, ‘मागच्या वेळी आपण ठरवलं होतं, आधी प्रत्येकाने आपलं म्हणणं मांडायचं आणि मग बहुमताने निर्णय घ्यायचा.’ खजिनदार ‘ठीक आहे’ म्हणतात, सगळे आळीपाळीने बोलतात आणि जाहिरातींना १६ पानं द्यायचं ठरतं. आता उत्तर नॉर्मिंग. नियम नवा आहे, तो बोलून दाखवावा लागतो आहे, पण सगळे तो पाळतात आणि मतं उघडपणे मांडली जातात.

आणखी एकदा बदलू. वाद पुन्हा पानांचाच. खजिनदार छपाईचा खर्च आणि जाहिरातींतून येणारी रक्कम मांडतात, संपादक दोन लेख आखूड करायला तयार होतात आणि मांडणी पाहणाऱ्या बाई तिथल्या तिथे पानांचा नवा आराखडा काढून दाखवतात. त्याच संध्याकाळी मजकूर मुद्रकाकडे रवाना होतो. नियमाचा उल्लेख कुणी केला नाही, तशी गरजच पडली नाही. हे परफॉर्मिंग. इथे जो तो आपल्या भूमिकेतून काम पुढे ढकलतो आहे आणि मतभेदातून तोडगा निघतो आहे.

तिन्ही प्रसंगांत भांडण एकच, पण उत्तरं तीन. माझ्या मते या विषयावरचा चांगला प्रश्न म्हणजे हाच: भांडण झालं का, हे न विचारता भांडणाचं पुढे काय झालं ते वाचायला लावणारा.

नेमकं हेच अनेक प्रश्नसंचांत होत नाही. ‘सदस्यांमध्ये मतभेद आहेत’ एवढंच लिहून टप्पा विचारला जातो. असा प्रश्न विद्यार्थ्यांना एक चुकीची सवय लावतो: मतभेद म्हणजे स्टॉर्मिंग, हसतमुख चेहरे म्हणजे परफॉर्मिंग. खरं तर फॉर्मिंगमध्येही चेहरे हसतमुखच असतात. नव्या ओळखीत माणसं सभ्यपणे वागतात, मनातलं बोलत नाहीत, प्रत्येक गोष्टीसाठी प्रमुखाकडे बघतात. ‘सगळे एकमेकांशी नम्रपणे बोलत होते आणि काय करायचं ते अध्यक्षांना विचारत होते’ असं वाक्य प्रश्नात आलं, तर नम्रपणापेक्षा विचारण्याकडे लक्ष द्यायचं. परावलंबन ही फॉर्मिंगची पक्की खूण आहे.

अ‍ॅडजर्निंगबाबतही अशीच फसगत होते. स्मरणिका छापून आली, प्रकाशनाला आठवडा उरला आहे. इतके दिवस वेळेवर काम करणारी समिती अचानक रेंगाळू लागते. हिशेबाचा कागद कुणी पूर्ण करत नाही, किरकोळ कुरबुरी होतात आणि दोघं ‘आता पुढे काय?’ म्हणत राहतात. कुरबुर बघून विद्यार्थी स्टॉर्मिंगवर खूण करतात. पण इथे अधिकाराचा तंटा नाही. काम संपत आल्याची आणि माणसं पांगणार असल्याची ही अस्वस्थता आहे. प्रश्नात शेवटची तारीख, निरोप, हस्तांतरण असं काही असेल, तर ते शोभेसाठी नसतं.

प्रश्न नीट उतरला की नाही, हे पडताळायची एक साधी रीत शिक्षकांच्या हातात असते. समजा, वर्गात ४० विद्यार्थी आहेत. संपूर्ण चाचणीच्या गुणांनुसार त्यांना क्रमाने लावायचं आणि वरचे ११ व खालचे ११ घ्यायचे, म्हणजे साधारण २७ टक्के. मग या एकाच प्रश्नाकडे पाहायचं. वरच्या ११ पैकी ९ जणांनी आणि खालच्या ११ पैकी ३ जणांनी तो बरोबर सोडवला, तर फरक सहाचा. सहाला अकराने भागलं की ०.५५ येतात. प्रश्न समजणारे आणि न समजणारे वेगळे करतो आहे, असा याचा अर्थ. पण वरचे ५ आणि खालचे ४ बरोबर असतील, तर फरक एकाचा आणि आकडा जेमतेम ०.०९. एरवी हुशार असलेली मुलं इथे का चुकली, हे मग शोधायचं. त्यांनी कोणत्या पर्यायावर खूण केली ते पाहिलं की दोष बहुधा लगेच सापडतो. वरच्या गटातली बरीच मुलं नॉर्मिंगवर गेली असतील, तर प्रसंगातच ‘वाद झाले, तरी काम सुरू राहिलं’ असं दुतोंडी वाक्य राहून गेलेलं असतं. अशा वेळी मुलांचे गुण कापण्याऐवजी वाक्य दुरुस्त करणं न्याय्य आहे.

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात टप्पा विचारत नाहीत, प्रमुखाने काय करावं ते विचारतात. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपी परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे प्रश्न चांगले ओळखीचे असतात. स्टॉर्मिंगच्या प्रसंगात ‘वाद घालणाऱ्याला समितीतून काढावं’ आणि ‘काही दिवस लक्ष देऊ नये’ हे दोन्ही पर्याय हमखास असतात आणि दोन्ही चूक असतात. वादाचा विषय टेबलावर आणणं आणि कुणाकडे कोणती जबाबदारी ते स्पष्ट करणं, हे अपेक्षित उत्तर. परफॉर्मिंगच्या प्रसंगात मात्र ‘प्रमुखाने रोज प्रत्येक काम तपासावं’ हे चूक ठरतं, कारण तिथे गटावर काम सोपवून बाजूला राहायचं असतं. समितीत ऐन वेळी नवा सदस्य आला तर काय, असंही विचारतात. पाठ्यपुस्तकांनुसार गट काही काळ मागच्या टप्प्यांवर येऊ शकतो. नव्या माणसाला जोखणं आणि भूमिका ठरवणं पुन्हा करावं लागतं.

या प्रश्नांची एक मर्यादा सांगायलाच हवी. टकमन यांनी तपासलेल्या लेखांचा मोठा भाग मानसोपचारासाठी जमणाऱ्या गटांबद्दल होता. कारखान्यातली तुकडी किंवा कार्यालयातला चमू त्यात फारसा नव्हता. ही उणीव त्यांनी स्वतःच नोंदवली होती. पुढे १९८८ साली कॉनी गर्सिक यांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्या आठ गटांचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत अभ्यास केला, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. गट पहिल्याच बैठकीत एक वाट धरतात आणि मुदतीचा अर्धा काळ सरेपर्यंत तिच्यावरच राहतात. मध्यावर एकदम खडबडून जागे होतात आणि कामाची पद्धत बदलतात. टप्प्यांची शिडी तिथे दिसली नाही. म्हणून ‘प्रत्येक गट हे पाच टप्पे याच क्रमाने पार करतो, चूक की बरोबर?’ हा प्रश्न मला सदोष वाटतो. त्याच्या सुरुवातीला ‘टकमन यांच्या मांडणीनुसार’ हे शब्द जोडले, तर तो निदान प्रामाणिक होतो.

काही चाचण्या विद्यार्थ्याची नव्हे, तर खऱ्याखुऱ्या गटाची परीक्षा घेतात. सुझन व्हीलन यांच्या प्रश्नावलीत ६० विधानं आहेत, चार टप्प्यांची प्रत्येकी १५. गटातला प्रत्येक जण ती भरतो आणि मग सगळ्यांची उत्तरं एकत्र पाहिली जातात. एकट्या प्रमुखाने भरलेल्या उत्तरांवरून गटाचा टप्पा ठरवू नये. गटात सगळं सुरळीत आहे असं प्रमुखाला वाटत असतं, तेव्हाही टपरीवरचं बोलणं त्याच्या कानावर आलेलं नसतं.

परीक्षेला बसणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पर्याय वाचण्याआधी प्रसंगाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण वादाचं पुढे काय झालं ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. आणि प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे की ते शेवटचं वाक्य लिहायला विसरू नका.